युरियातला नायट्रोजन फसवतो

वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यांतून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना युरिया नवा नसतो. कपाशीला नाहीतर गव्हाला त्यांनी तो स्वतः टाकलेला असतो. म्हणून लुईस रचना शिकवताना मी फळ्यावर CO(NH₂)₂ लिहितो. उत्तरपत्रिका तपासताना मात्र दरवर्षी याच रेणूत मुलं अडकलेली दिसतात.

आधी इलेक्ट्रॉन मोजा. कार्बनचे 4, ऑक्सिजनचे 6, दोन नायट्रोजनचे 10 आणि चार हायड्रोजनचे 4 मिळून 24, म्हणजे 12 जोड्या. बंधांना 8 जोड्या लागतात. उरलेल्या चारपैकी दोन ऑक्सिजनवर, एकेक प्रत्येक नायट्रोजनवर. या एकाकी जोड्या आळसाने गाळल्या, की पुढचं सगळं चुकतं.

फॉर्मल चार्ज काढताना अणूच्या संयुजा इलेक्ट्रॉनांतून त्याच्यावरचे ठिपके आणि त्याला जोडलेल्या रेघा वजा करा. नायट्रोजन: 5 − 2 − 3 = 0. ऑक्सिजन: 6 − 4 − 2 = 0.

हायब्रिडायझेशनसाठी रेघा मोजायच्या नाहीत. जोडलेले अणू आणि एकाकी जोड्या मोजायच्या. कार्बनला चार रेघा आहेत, पण शेजारी अणू तीनच. म्हणून तो sp², आकार सपाट त्रिकोणी, कोन सुमारे 120°. चार रेघा पाहून sp³ लिहिणारे बरेच असतात.

आता नायट्रोजन. तीन अणू अधिक एक जोडी म्हणजे चार, म्हणून sp³ आणि पिरॅमिड, असं हुशार मुलंही लिहितात. मिथिलअमाइनमध्ये हे बरोबर आहे. पण युरियाच्या स्फटिकात अख्खा रेणू सपाट असतो, आणि C–N बंध सुमारे 1.34 Å भरतो. साधा एकेरी बंध 1.47 Å च्या आसपास असतो.

कारण दुसऱ्या लुईस रचनेत सापडतं. नायट्रोजनची जोडी कार्बनकडे सरकवा आणि C=O मधली एक जोडी ऑक्सिजनवर न्या. आता नायट्रोजनवर 5 − 0 − 4 = +1 आणि ऑक्सिजनवर 6 − 6 − 1 = −1. चार्ज वेगळे झाल्याने या रचनेचा वाटा कमी, पण शून्य नाही. रेझोनन्समध्ये अणू जागा बदलत नाहीत, त्यामुळे नायट्रोजनचा आकार दोन्ही रचनांत एकच धरावा लागतो. जोडी p ऑर्बिटलमध्ये राहून द्विबंधाशी जुळते, आणि नायट्रोजन sp² च्या जवळ जातो.

म्हणून नायट्रोजनवर जोडी दिसली, की शेजारच्या अणूवर द्विबंध आहे का ते पाहा. CH₂=CH–CH₂–NH₂ मध्ये मधे CH₂ आहे, जोडी द्विबंधापर्यंत पोचत नाही; तिथे sp³ लिहा. युरियातही sp² हे परीक्षेपुरतं नेमकं उत्तर आहे. वायुरूपात त्याचे नायट्रोजन थोडे पिरॅमिडकडे झुकलेले आढळतात.