न लिहिलेले कार्बन कुठे जातात?

प्रश्न : मुलीच्या रसायनशास्त्राच्या वहीत केळ्याच्या वासाच्या इसेन्सचे सूत्र CH₃COOCH₂CH₂CH(CH₃)₂ असे होते आणि त्यापुढे नुसती नागमोडी रेघ, तिच्यावर दोन O. सात कार्बन आणि चौदा हायड्रोजन गेले कुठे? आणि सूत्र पाहून ही रेघ आपली आपण कशी काढायची?
– एक पालक, सांगली

उत्तर : गेले कुठेच नाहीत, लिहायचा कंटाळा केला आहे इतकेच. कार्बनी संयुगांत कार्बन आणि हायड्रोजन इतके असतात, की प्रत्येक वेळी अक्षरे लिहिली तर कागद भरतो आणि आकृती दिसेनाशी होते. म्हणून असा संकेत ठरला, की रेघ जिथे वळते तिथे एक कार्बन आणि रेघ जिथे संपते तिथेही एक कार्बन. बहुतेकांची पहिली चूक या दुसऱ्या भागात होते. रेघेचे मोकळे टोक म्हणजे हायड्रोजन, असे त्यांना वाटते. ते टोक म्हणजे CH₃.

हायड्रोजन न लिहिता कळतात, कारण कार्बनची संयुजा चार. एखाद्या वळणाला दोन रेघा येत असतील तर उरलेले दोन हात हायड्रोजनचे, तीन येत असतील तर एक. ही सवलत फक्त कार्बनवरच्या हायड्रोजनला आहे. ऑक्सिजन किंवा नायट्रोजनवरचा हायड्रोजन मात्र OH, NH₂ असा लिहावाच लागतो.

आता तुमचे सूत्र घेऊ. हे आयसोअमाइल अॅसिटेट. आधी कागदावर रेघ ओढू नका, सूत्रातली सलग साखळी शोधा. डावीकडून CH₃, मग C, मग O, मग CH₂, CH₂, CH आणि शेवटी एक CH₃. हे झाले सात थांबे, म्हणजे सहा रेघांची नागमोड. पहिला थांबा खाली, दुसरा वर, तिसरा खाली, असे चढउतार करत जा. तिसऱ्या थांब्यावर वळणाऐवजी O हे अक्षर येईल, कारण तिथे कार्बन नाही.

गोंधळ COO मध्ये आहे. अक्षरे ओळीने आहेत म्हणून अणूही ओळीने जोडायचे, असे समजून मुले C–O–O–C अशी साखळी काढतात. मग त्या कार्बनकडे पाहा. एक हात CH₃ कडे, एक ऑक्सिजनकडे, आणि उरलेले दोन? सूत्रात त्याच्यापुढे एकही हायड्रोजन नाही. म्हणजे ते दोन्ही हात एकाच ऑक्सिजनने धरलेले असणार. हा ऑक्सिजन साखळीबाहेर, दुसऱ्या थांब्याच्या वर, दुहेरी रेघेने जोडायचा. दुसरा ऑक्सिजन तेवढा साखळीत राहतो.

कंसातली (CH₃)₂ ही दुसरी अडचण. ते दोन CH₃ एकापुढे एक नाहीत, दोन्ही शेजारच्या CH ला चिकटलेले आहेत. ओळीने जोडले तर मधल्या CH₃ ला तीन हायड्रोजन आणि दोन कार्बन, असे पाच बंध होतील, आणि कार्बनला पाच परवडत नाहीत. त्यातला एक CH₃ आपण साखळीचे टोक म्हणून आधीच वापरला आहे. उरलेल्यासाठी सहाव्या थांब्यावरून वर एकच आखूड रेघ काढा. तिच्या टोकाला पुन्हा CH₃ लिहिलेत तरी चूक नाही, पण ते त्याच टोकाचे नाव आहे, पुढचा आणखी एक कार्बन नव्हे.

आता मोजा. डावीकडून एकेका थांब्यावर हायड्रोजन म्हणत जा : तीन, शून्य, (ऑक्सिजन), दोन, दोन, एक, तीन आणि फांदीचे तीन. बेरीज चौदा. कार्बन सात, ऑक्सिजन दोन, म्हणजे C₇H₁₄O₂. सूत्राशी जुळले. फांदी विसरली असती तर कार्बन सहाच भरले असते, दुहेरी रेघ एकेरी काढली असती तर त्या कार्बनला एक हायड्रोजन जास्तीचा मिळाला असता.

एक चूक मात्र या मोजणीत सापडत नाही. दुहेरी बंधाचा ऑक्सिजन दुसऱ्या थांब्याऐवजी तिसऱ्या थांब्यावरच्या कार्बनवर काढला आणि साखळीतला ऑक्सिजन एक घर डावीकडे सरकवला, तर सूत्र CH₃OCOCH₂CH₂CH(CH₃)₂ होते. अणू तेवढेच, C₇H₁₄O₂ च. पण पदार्थ बदलला, हे झाले मिथाइल ४-मिथाइलपेंटॅनोएट. म्हणून बेरीज जुळल्यावरही साखळीतल्या O च्या दोन्ही बाजूंना बोट ठेवून पाहा : दुहेरी बंधाचा कार्बन ज्या बाजूला, तिकडे आपल्या पदार्थात एकटा CH₃ हवा आणि लांब शेपूट दुसरीकडे.