वहीतली शिल्लक आणि धंद्याची किंमत

भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमधून मी २०२३ च्या एप्रिलमध्ये बाहेर पडलो. अकरा वर्षं निम्मी भागीदारी होती. का पडलो ते सांगत बसत नाही. भागीदारीत राहिलेल्यांना ते सांगावं लागत नाही. मला ९ लाख ४० हजारांचा चेक मिळाला. भागीदार म्हणाला, "भाऊ, वहीत तुझं जेवढं आहे तेवढं पैशापर्यंत दिलंय." मी निवृत्तीपत्रावर सही केली, 'आता काही येणं नाही' या ओळीसकट.

पाच महिन्यांनी एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. ते माझ्या जागी भागीदार म्हणून येणार होते आणि व्हीएमसी मशीन कसं चालतं, हे त्यांना विचारायचं होतं. बोलता बोलता त्यांनी भागीदाराने दिलेला हिशेबाचा कागद मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्यात पाच वर्षांचा नफा होता. लॉकडाऊनचं वर्ष 'अपवादात्मक' म्हणून वगळलेलं. शेवटच्या वर्षात स्पिंडल बदलायला गेलेले ५ लाख आणि त्याच्या सुनेच्या नावे काढलेला २ लाखांचा पगार परत नफ्यात मिळवलेला. सरासरी साडेचोवीस लाख, तिची दुप्पट ४९, बँकेचं कर्ज ६ लाख वजा, आणि निम्म्या हिश्शाचे साडेएकवीस लाख! मला देताना हाच माणूस म्हणाला होता, "या वर्षी नफा कुठे झालाय?" ती सून वर्कशॉपची पायरी कधी चढलेली मी पाहिली नाही. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

मग मी दुसऱ्या सीएकडे बसून नीट हिशेब केला. तुम्ही तो सही करण्याआधी करा.

भांडवल खात्यावरची शिल्लक म्हणजे धंद्याची किंमत नव्हे. आमचं मशीन २०१२ मध्ये २८ लाखांना घेतलेलं. दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा काढत गेल्याने वहीत ते पावणेपाच लाखांचं उरलं होतं. आणि जमलेली गिऱ्हाइकं वहीत कुठेच दिसत नाहीत.

म्हणून नफ्यापासून सुरुवात करा, तोही बँकेचं व्याज आणि भागीदारांचा पगार काढण्याआधीचा. वहीत तो २४, २२, ८, २७ आणि १८ लाख होता. सुनेचे २ लाख परत मिळवणं बरोबरच. पण स्पिंडल काही वर्षांनी पुन्हा जाणारच, म्हणून ते ५ लाख पुसून न टाकता पाच वर्षांवर लाख-लाख वाटले. नफा झाला २३, २१, ७, २६ आणि २४. लॉकडाऊनचं वर्ष मीही बाजूला ठेवलं, कारण ऑर्डरी पुढच्याच वर्षी परत आल्या होत्या; आल्या नसत्या तर ते धरावंच लागलं असतं. चार वर्षांची सरासरी साडेतेवीस.

यातून दोघांच्या कामाचा पगार वजा करायचा, आणि भागीदाराच्या कागदात हेच नव्हतं. आमची कामं करायला दोन माणसं ठेवली असती तर महिन्याला प्रत्येकी ४० हजार, म्हणजे वर्षाला ९ लाख ६० हजार गेले असते. ती मजुरी झाली, धंद्याची कमाई नव्हे. उरले जेमतेम १४ लाख.

याची तिप्पट ४२ लाख. त्यात मशीन, येणी, माल सगळं आलं. मशीनची किंमत वर पुन्हा मिळवायची नाही. कर्जाचे ६ लाख गेले की ३६, माझे १८ लाख. आता खरं सांगायचं तर आमचं साठ टक्के काम एकाच गिऱ्हाइकाचं होतं. ते तुटलं तर वर्कशॉप बसलंच, त्यामुळे मालकावर आणि एका गिऱ्हाइकावर चालणाऱ्या अशा धंद्याला अडीच पटच योग्य, असं सीएंनी बजावलं. मी मान्य केलं. तरीही माझे साडेचौदा लाख होतात. पाच लाखांहून जास्त रक्कम मी एका सहीने सोडली.

वकिलांना भेटलो. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ३७ त्यांनी दाखवलं: हिशेब चुकता न करता उरलेले भागीदार धंदा चालवत राहिले, तर बाहेर पडलेल्याला नंतरच्या नफ्यातला वाटा किंवा सहा टक्के व्याज, यांपैकी एक मागता येतं. पण माझा हिशेब माझ्याच सहीने चुकता झाला होता. आमच्या डीडमध्ये 'भांडवल खात्यावरील शिल्लक मिळेल' एवढंच होतं, गुडविलचा शब्द नाही. डीड करताना किती वर्षांची सरासरी, कोणता पगार वजा करायचा आणि किती पट, हे आकड्यांत लिहून घ्या. तेव्हा कोण आधी बाहेर पडणार हे दोघांनाही माहीत नसतं, म्हणून आकडा रास्त ठरतो. कागद वाचून सही करा, घाई करू नका, हे सगळेच सांगतात. मलाही सांगितलं होतं.

आणि चेक घेण्याआधी बँकेकडून जामीनमुक्तीचं पत्र घ्या. मशीनच्या कर्जाला माझी वैयक्तिक हमी होती. बाहेर पडल्यावरही सात महिने, माझा ज्यात एक रुपयाही उरला नव्हता, त्या धंद्याच्या कर्जाला मी जामीन होतो.