माजी सैनिकाचे निवृत्तिवेतन आणि गावचे दप्तर

पुणे-सोलापूर रस्त्याच्या दक्षिणेस बारामती तालुक्याचा जिरायत पट्टा व त्याला लागून इंदापूर तालुका पसरला आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी जेथे पोहोचते तेथे ऊस उभा राहिला; जेथे पोहोचत नाही तेथील कोरडवाहू कुटुंबातील तरुणास सैन्यातील नोकरी हा खात्रीचा पगार ठरतो. या नोकरीचे एक वैशिष्ट्य असे की, ती फार लवकर संपते. हवालदार हुद्द्यावरील जवान साधारणतः चोवीस वर्षांच्या सेवेनंतर, वयाच्या चाळिशीच्या आसपास गावी परततो. त्याच वयाचा शाळामास्तर वा तलाठी या वेळी नोकरीच्या मध्यावर असतो. त्यामुळे सैनिकाचे निवृत्तिवेतन हे म्हातारपणाच्या आधाराएवढेच दुसऱ्या संसाराचे भांडवलही असते.

जवानास निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान पंधरा वर्षांची सेवा लागते. त्याची आकारणी समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. इंदापूर तालुक्यातील एक हवालदार अठराव्या वर्षी भरती होऊन बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला. शेवटचे वेतन, सैनिकी सेवा वेतन धरून, 40,000 रुपये मानले तर निवृत्तिवेतन त्याच्या निम्मे, म्हणजे दरमहा 20,000 रुपये होते. यातील निम्म्या भागापर्यंतची रक्कम त्यास एकरकमी घेता येते. यास अंशराशीकरण म्हणतात. 10,000 रुपयांचे वर्षाचे 1,20,000 रुपये आणि त्या वयाचा गुणक 9 हून किंचित अधिक, असे धरता हाती सुमारे 10 लाख 80 हजार रुपये येतात. मात्र पुढील पंधरा वर्षे दरमहाचे मूळ निवृत्तिवेतन 10,000 रुपयेच राहते. महागाई भत्ता तेवढा पूर्ण 20,000 वर मिळत राहतो. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कापलेला भाग पुन्हा सुरू होतो.

ही एकरकमी रक्कम बहुधा घराच्या स्लॅबमध्ये, बहिणीच्या लग्नात किंवा विंधन विहिरीत जाते. यांतील शेवटचा खर्च सर्वांत धोक्याचा. जिरायत पट्ट्यात पाणी लागेल याची हमी कोणी देत नाही, आणि कोरड्या बोअरमध्ये घातलेला पैसा परत येत नाही. पंधरा वर्षांची निम्मी आमदनी एका खड्ड्यात घालण्यापूर्वी भूजल सर्वेक्षणाचा सल्ला घेणे बरे, एवढे त्यास सांगण्याचे काम सरपंचास सहज करता येईल.

निवृत्तिवेतन वेळेवर मिळते तोपर्यंत कागदपत्रांकडे कोणाचे लक्ष जात नाही. खरी अडचण उभी राहते ती जवानाच्या मृत्यूनंतर. वरील हवालदार त्रेसष्टाव्या वर्षी वारला असे समजू. वेतनाच्या पुढील सुधारणा बाजूस ठेवल्या, तर त्याच्या पत्नीस प्रथम वाढीव दराने, म्हणजे 20,000 रुपये, कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळते. हा वाढीव दर सात वर्षे किंवा पतीचे वय सदुसष्ट झाले असते तोपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तेथवर चालतो. येथे तो चार वर्षे चालेल. त्यानंतर शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे 12,000 रुपये मिळतात. पण हे सारे तेव्हा, जेव्हा सैन्याच्या दप्तरात पत्नीची नोंद तिच्याच नावाने असेल.

आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल अजूनही पुष्कळ घरांत आहे. जवानाने लग्नानंतर पलटणीत नोंद केली ती सासरच्या नव्या नावाची. शाळेच्या दाखल्यावर राहिले माहेरचे. आधार कार्डावर तिसरेच काही. जन्मतारखेची तर बहुधा नोंदच नसते, किंवा ‘अंदाजे’ वयावरून काढलेली असते. सेवेत असताना ही नोंद पलटण ‘भाग दोन आदेश’ काढून दुरुस्त करते आणि ती अभिलेख कार्यालयाकडे जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख बेळगावास, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागर येथे, बॉम्बे सॅपर्सचे खडकीस, तोफखान्याचे नाशिक रोडला असतात. निवृत्तीनंतर हीच दुरुस्ती प्रतिज्ञापत्र व पुरावे जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करावी लागते. पती हयात असता जे काम एका अर्जात होते, ते विधवेस महिनोन् महिने पुरते.

म्हणून निवृत्तिवेतन प्रदान आदेश घरी आला की त्यावरील तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: पत्नीचे नाव, तिची जन्मतारीख आणि मुलांची नावे. जन्मतारखेचे महत्त्व पुष्कळांस ठाऊक नसते. निवृत्तिवेतनधारकाचे किंवा विधवेचे वय ऐंशी झाले की मूळ रकमेत 20 टक्के वाढ होते व पुढे दर पाच वर्षांनी ती चढत जाते. आदेशात तारीखच नसेल, तर ही वाढ आपोआप लागू होत नाही. अशा वृद्धेच्या माहेरच्या गावी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिचे नाव सापडले, तर मुख्याध्यापकाचा तो उतारा मोलाचा पुरावा ठरतो. जुनी रजिस्टरे जपून ठेवणाऱ्या शिक्षकाचा हा असा उपयोग.

मुलांच्या बाबतीत मुलगा पंचवीस वर्षांपर्यंत पात्र असतो. अविवाहित, विधवा वा घटस्फोटित अवलंबी मुलगी त्यानंतरही, आणि उपजीविका करू न शकणारे अपंग अपत्य आजन्म. अशा अपत्याची नोंद वडिलांच्या हयातीत करून ठेवणे इष्ट.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत झाली पाहिजे, असे 1969 च्या कायद्यात आहे. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दाखल्यावरील मृताचे नाव प्रदान आदेशावरील नावाशी जुळते की नाही, हे नोंद करतानाच पाहावे. सैन्याच्या दप्तरात आडनाव पुष्कळदा आधी येते किंवा गळलेलेच असते, आणि गावच्या नोंदवहीत ते शेवटी. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या अशा फरकावरून प्रकरण परत येते.

आता नवी प्रकरणे ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून प्रयागराज येथील कार्यालयामार्फत चालतात व जुनीही तिच्याकडे वर्ग झाली आहेत. वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला नाही तर वेतन थांबते. ते बुडत नाही. दाखला दिल्यावर थकबाकीसह मिळते. तथापि, अंथरुणास खिळलेल्या वृद्धेस वेतन बंद होण्याचे कारणच कळत नाही, आणि पुण्यातील कार्यालय इंदापूरहून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असते.

नोकरीच्या दृष्टीने राज्य शासनाच्या गट ‘क’ व ‘ड’ पदांत माजी सैनिकांस 15 टक्के समांतर आरक्षण आहे, आणि वयोमर्यादेत सैनिकी सेवेचा काळ अधिक तीन वर्षे इतकी सवलत मिळते. परंतु लेखी परीक्षेची तयारी चाळिशीत करणे सोपे नव्हे. त्यामुळे अनेकांचा ओढा बारामतीच्या औद्योगिक क्षेत्रातील किंवा साखर कारखान्यांतील सुरक्षारक्षकाच्या कामाकडे असतो. अशी कामे मिळवून देण्यासाठी माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, पुण्यात आहे. सैन्यात वाहनदुरुस्ती वा दूरसंचार शिकलेल्या माणसाने फाटकाशी उभे राहावे, ही मात्र त्या कौशल्याची उधळपट्टी होय.

ग्रामपंचायतीच्या थेट हाती असलेली गोष्ट म्हणजे घरपट्टी. 2020 साली राज्य शासनाने माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांच्या एका मालमत्तेस करमाफी दिली. यासाठी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला लागतो. घर वडिलांच्या नावावर राहिले असेल तर अडचण येते. तेव्हा आधी वारसनोंद करावी.

2022 पासून भरती झालेल्या अग्निवीरांस मात्र वरील हिशेब लागू नाही. चार वर्षांनी परतणाऱ्यास सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही. त्यांतील जास्तीत जास्त 25 टक्के पुढे कायम सेवेत घेतले जाणार आहेत. बाकीच्या तरुणांची चौकशी ग्रामपंचायतीत येईल तेव्हा त्यास माजी सैनिकांचे अर्ज भरावयास न देता, प्रथम त्याचे भरतीचे वर्ष विचारावे.