एप्रिलची पावती डिसेंबरात

टॅलीतून विक्रीचे खाते सीएसव्हीत काढून रिपोर्टच्या शीटमध्ये चिकटवले. एकूण बेरीज टॅलीशी पैशापैशाने जुळली, म्हणून मी निर्धास्तपणे ते मालकांना पाठवले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "एप्रिलमध्ये एवढीच विक्री? आणि डिसेंबरची आत्ताच कशी काय?"

बेरीज तारीख बघत नाही, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. फाईलमध्ये तारखा 5-4-2024 अशा होत्या आणि माझ्या संगणकाची तारखेची मांडणी अमेरिकन, म्हणजे महिना आधी. त्यामुळे 5 एप्रिलचा झाला 4 मे आणि 12 एप्रिलचा 4 डिसेंबर. तेराव्या दिवसापासून मात्र महिना तेरावा होऊ शकत नाही, म्हणून एक्सेलने त्या तारखा नुसता मजकूर म्हणून सोडून दिल्या. रिपोर्टच्या एप्रिलमध्ये उरली फक्त 4 तारखेची विक्री.

हा घोळ डोळ्यांनी ओळखता येतो. रकान्याची मांडणी मुद्दाम बदललेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. असा दोन बाजूंना फाटलेला रकाना दिसला की तो तिथल्या तिथे दुरुस्त करत बसू नका. मी टेक्स्ट टू कॉलम्स वापरून पाहिले. मजकूर सुधारला, पण उलटलेल्या तारखा तशाच राहिल्या, कारण एक्सेलच्या लेखी त्या बरोबरच होत्या. मूळ सीएसव्ही पॉवर क्वेरीतून पुन्हा आणा. तिने आपणहून लावलेली Changed Type ही पायरी काढून टाका. मग तारखेच्या रकान्यावर Change Type मधले Using Locale निवडून Date आणि English (India) द्या.

तारखा सुधारल्या तरी लगेच सॉर्ट करू नका. नॅरेशन व्हाउचरच्या खालच्या ओळीत येते, म्हणून आधी ते वर घ्या. एकदा ओळी हलल्या की कोणते नॅरेशन कुणाचे ते कळत नाही. त्यासाठी वरचे कंपनीचे नाव-पत्ता आणि तळाच्या बेरजा काढून टाका. B मध्ये तपशील आणि C मध्ये व्हाउचरचा प्रकार असेल तर दुसऱ्या ओळीत हे सूत्र लिहून खाली ओढा:

```
=IF(AND(C2<>"",C3=""),B3,"")
```

मग सूत्रांच्या जागी किमती चिकटवा आणि C रिकामा असलेल्या ओळी काढा. एका व्हाउचरखाली अनेक खात्यांच्या ओळी असतील तर हे चालणार नाही. तिथे टॅलीतूनच संक्षिप्त रूपात काढावे.

नावे-जमा एकाच रकान्यात असलेल्या एक्सेल फाईलमध्ये आणखी एक फसगत आहे. सेलमध्ये 40,000.00 Cr दिसते, पण क्लिक केल्यावर वर फॉर्म्युला बारमध्ये नुसते 40000. Cr हा केवळ दिखाव्याचा भाग असतो. 1,18,000 नावे आणि 40,000 जमा यांची बेरीज 78,000 ऐवजी 1,58,000 येते. मी तो रकाना नोटपॅडमध्ये चिकटवून पुन्हा मजकूर म्हणून आणते. तिथे Cr खरोखर अक्षरांत उतरते आणि त्यावरून उणे चिन्ह लावता येते.