कल्चर रिपोर्टचा तक्ता

प्रश्न: आईच्या लघवीत ई. कोलाय निघाला. मेरोपेनेमसमोर ०.२५, नायट्रोफ्युरँटॉइनसमोर १६, दोन्हींपुढे ‘एस’. लहान आकड्याचं औषध चांगलं ना?

उत्तर: नाही. हे एमआयसीचे आकडे आहेत. प्रत्येक औषधाची ‘एस’ ठरवणारी मर्यादा निराळी, त्यामुळे ते एकमेकांशी ताडू नयेत. तक्ता आकड्यांनुसार न लावता मर्यादित जंतूंवर चालणारी औषधं वर आणि मेरोपेनेमसारखी व्यापक तळाशी लिहा. ‘आर’ असलेली खोडा. शेजारी ‘औषध कुठे पोहोचतं’ हा रकाना हवाच. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठतं, म्हणून मूत्राशयाच्या साध्या संसर्गात मी तेच आधी पाहते. पण ताप, थंडी, कंबरेत कळ असेल तर संसर्ग मूत्रपिंडात असू शकतो. तिथे ‘एस’ असूनही ते अपुरं पडतं. मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून क्रिएटिनिनही डॉक्टरांना दाखवा.