दीडशेची बॅटरी आणि पावणेदोन तास

पाहुणे जेवायला बसले होते. सातला वीज गेली तेव्हा मी निर्धास्त होतो, कारण आठ महिन्यांपूर्वीच १५० एएचची नवी ट्यूब्युलर बॅटरी घेतली होती. चार पंखे, कूलर, टीव्ही आणि दिवे मिळून लोड ६०० वॅट. १५० गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-तास, तेव्हा तीन तास निघतील हा माझा हिशेब. पावणेनऊच्या आतच इन्व्हर्टर किंचाळला आणि अंधार झाला.

बॅटरी खराब निघाली, असं मी धरूनच चाललो होतो. पण अर्ध्या तासाने सगळं बंद करून फक्त एक पंखा आणि एक दिवा लावला, तर तीच 'संपलेली' बॅटरी पुढे दोन तास चालली. चूक माझ्या हिशेबात होती.

लेबलवर १५० एएचच्या शेजारी बारीक अक्षरात सी-२० असतं. म्हणजे साडेसात अँपिअरने हळूहळू वापरली, तर ती वीस तास पुरते. ६०० वॅटला, इन्व्हर्टरमधली घट धरून, साठ अँपिअर ओढले जातात. नुसत्या भागाकाराने अडीच तास यायला हवेत. पण प्रवाह जोरात ओढला की प्लेटच्या छिद्रांतलं आम्ल पटकन संपतं, बाहेरचं आम्ल तेवढ्या वेगाने आत पोचत नाही आणि व्होल्टेज लवकर घसरतं. साडेदहा व्होल्टच्या आसपास इन्व्हर्टर बंद होतो, आतला बराच साठा तसाच राहतो. विश्रांतीनंतर आम्ल आत झिरपतं, म्हणून तर माझा पंखा पुन्हा फिरला.

जर्मन शास्त्रज्ञ प्यूकर्ट यांनी १८९७ मध्ये याचा नियम मांडला. त्यातला घातांक १.२ धरला, तर साठ अँपिअरला सुमारे एक तास चाळीस मिनिटं येतात आणि पंधरा अँपिअरला पावणेनऊ तासांच्या जवळपास. लोड चौपट झाला की वेळ पाचपटीहून जास्त घटतो. घातांक प्रत्येक बॅटरीचा वेगळा असतो आणि ती जुनी झाली की वाढतो, म्हणून हे आकडे अंदाजाचेच समजा.

आता मी काय करतो ते सांगतो. वीज गेली की कूलर आणि टीव्ही आधी बंद. इन्व्हर्टर पहिल्यांदा बंद झाल्यावर तीच बॅटरी पुन्हा पिळायची सवय मात्र लावून घेऊ नका, प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं. मोठा लोड टाळता येत नसेल, तर सारख्याच दोन नव्या बॅटऱ्यांचा विचार करा. प्रत्येकीवर निम्मा भार आला की वेळ दुपटीहून जास्त, पावणेचार तासांपर्यंत जातो.

आणि बॅटरी बदलण्याआधी एक परीक्षा घ्या. पूर्ण चार्ज करून फक्त एक पंखा लावा. त्यावरही ती लवकर बसली, तर दोष बॅटरीत किंवा चार्जिंगमध्ये आहे. रात्रभर चालली, तर लोड कमी करा आणि पैसे वाचवा.