साठ किलो काजू आणि एक रात्र

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेला चंदगड तालुका हा सह्याद्रीच्या पायथ्याचा, भरपूर पावसाचा प्रदेश होय. येथील काजूला बाजारात मागणी आहे. आजवर बाजारपेठेतील दुकानदार सुटा काजू तोलून विकत आला. अलीकडे मात्र मोबाईलवरून मागणी येऊ लागली आहे. अशा पहिल्या मोठ्या मागणीच्या वेळी छोट्या दुकानदारापुढे कोणता पेच उभा राहतो, हे समजण्यासाठी एक नमुना प्रसंग येथे घेतला आहे.

मागणी

गणेशोत्सवास आठवडा उरला आहे. मुंबईतील एका संस्थेने आपल्या सभासदांसाठी अर्ध्या किलोची १२० पाकिटे ऑनलाईन मागविली आहेत. सकाळी नऊ वाजता कुरिअरची गाडी येणार आहे. एकूण काजू लागणार ६० किलो, म्हणजे दहा किलोचे सहा डबे. एका पाकिटास भरणे, तोलणे व तोंड बंद करणे यासाठी तीन मिनिटे आणि खोक्यात घालून पत्ता चिकटविण्यास दोन मिनिटे धरली, तर एका माणसास दहा तास लागतात. दुकानदार रात्री आठला आरंभ करतो. त्याची पत्नी मदतीस असल्याने चुका तपासण्यास थोडा अवधी हाती राहतो.

ओल हा पहिला शत्रू

बाहेर पाऊस कोसळत आहे. चांगला गर बोटांनी मोडला असता कट्कन तुटतो. ओल शोषलेला गर नुसताच वाकतो. असा गर पाकिटात बंद झाल्यास त्यास बुरशी लागण्याचा संभव असतो. म्हणून सहाही डबे एकदम उघडावयाचे नाहीत. एक डबा उघडावा, तो पूर्ण भरून संपवावा आणि मगच दुसऱ्यास हात लावावा.

पाकीट साध्या प्लास्टिकचे नसून चकचकीत, जाड थराचे असावे. बंद करण्याच्या यंत्राची उष्णता कमी पडल्यास जोड सुटतो, अधिक झाल्यास पाकीट जळते. तथापि सर्वांत फसवा दोष वेगळाच आहे. भरताना काजूची भुकटी पाकिटाच्या तोंडाशी लागते आणि त्या जागी जोड बसत नाही. डोळ्यांस तो बंद दिसतो. परंतु पाकीट पाण्यात दाबले की बुडबुडे निघतात. यावर उपाय सोपा आहे : नरसाळ्याने भरावे, तोंड कोरड्या फडक्याने पुसावे आणि प्रत्येक डब्यामागे एक पाकीट पाण्यात तपासावे.

बारा ग्रॅमचा हिशेब

दहा किलोच्या डब्यातून अर्ध्या किलोची बरोबर वीस पाकिटे भरली पाहिजेत. पहिला डबा संपला तेव्हा वीस पाकिटे भरूनही तळाशी सुमारे पाव किलो काजू उरला. हा लाभ नव्हे, चूक आहे. रिकामे पाकीट काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावयाचे राहून गेले. पाकिटाचे वजन १२ ग्रॅम. म्हणून प्रत्येकात काजू ५०० ऐवजी ४८८ ग्रॅमच पडला. वीस पाकिटांत ही तूट २४० ग्रॅम होते. हे लक्षात आले नसते, तर १२० पाकिटांत १ किलो ४४० ग्रॅम काजू ग्राहकांस कमी गेला असता.

वेष्टनावर लिहावयाचे वजन निव्वळ मालाचे असते. वेष्टनबंद वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार ते अचूक असणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. वीस पाकिटे फोडून पुन्हा भरण्यात रात्रीचा एक तास गेला. याउलट विसावे पाकीट अपुरे भरले असते, तर आधीच्या पाकिटांत अधिक माल पडला किंवा काही सांडला, असे समजावे लागले असते. अशा रीतीने प्रत्येक डबा हीच काट्याची परीक्षा ठरते.

वजनाखेरीज वेष्टनावर वस्तूचे नाव, वेष्टन करणाऱ्याचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्न परवान्याचा अथवा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक लागतो. ही चिठ्ठी आयत्या वेळी छापून होत नाही. ती आधीच तयार असावी लागते.

खोक्यातील हवा

उरतो प्रश्न खोक्याचा. अनेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून तो गुणाकार ५,००० ने भागतात आणि येणारे वजन प्रत्यक्ष वजनाहून अधिक असल्यास त्यावर भाडे आकारतात. ३० × २० × १५ चे खोके १.८ किलोचे धरले जाते. २० × १५ × १० चे केवळ ०.६ किलोचे. मोठे खोके वापरल्यास १२० पार्सलांमागे १४४ किलो हवेचे भाडे भरावे लागेल. शिवाय आत मोकळी जागा राहिली की गर आपटून त्याची पाकळी होते. बंद खोके कानाशी हलवून पाहावे. आवाज आल्यास कागद भरावा.

पहाटे यादीतील १२० नावांपुढे खुणा पूर्ण होतात. सहा रिकामे डबे आणि १२० खोकी यांचा मेळ बसतो, तेव्हाच माल गाडीत चढविण्यास तयार झाला असे म्हणता येते.